दोन टोल्या
(कापणीच्या सणानंतरच्या रविवारचा उपदेश. शास्त्रपाठ: मार्क 12:38–44)

ख्रिस्तामध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

गेल्या रविवारी आपला कापणीचा सण झाला. उपासनेनंतरच्या लिलावात एक भोपळा अकराशे रुपयांना गेला आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्यात मीही होतो. त्याच सकाळी आपल्या मंडळीतील एक भगिनी वाटीभर बाजरी पदराआड झाकून घेऊन आली होती. ती वाटी तिने वेदीजवळ ठेवली नाही. दाराशेजारच्या कोपऱ्यात ठेवून ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो, तेव्हा ती म्हणाली, “पाळकसाहेब, एवढ्याशा बाजरीला काय नाव लावायचं?” तिच्या संमतीने हे सांगत आहे, पण तिचे नाव घेणार नाही. तिच्या या प्रश्नाने मला आठवडाभर स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून आज हा उतारा निवडला.

यरुशलेमच्या मंदिरात दानासाठी तेरा पेट्या असत आणि त्यांची तोंडे तुतारीच्या आकाराची असत, असे यहुदी लोकांच्या मिश्ना या जुन्या ग्रंथात लिहिले आहे. वल्हांडण सण जवळ आलेला होता. लांबून आलेल्या लोकांची गर्दी होती. प्रभू येशू भांडारासमोर बसला आणि लोक पैसे कसे टाकतात हे पाहू लागला. पुष्कळ धनवानांनी पुष्कळ टाकले. मग एक दरिद्री विधवा आली आणि तिने दोन टोल्या टाकल्या. टोली म्हणजे त्या काळी चालणारे सर्वांत लहान तांब्याचे नाणे. त्या काळी मजुराचा दिवसाचा रोज एक दीनार असे, आणि अशा एकशे अठ्ठावीस टोल्या मिळून एक दीनार होई. आज आपल्याकडे शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईचा रोज तीनशे रुपये धरला, तर त्या विधवेचे दान पाच रुपयांच्याही आत भरेल. आपल्या वहीत पाच रुपये लिहिताना आपण काय म्हणतो, ते आपल्याला ठाऊक आहे. “किरकोळ” या सदरात त्याची बेरीज होते.

येशूने मात्र ते किरकोळात धरले नाही. त्याने शिष्यांना जवळ बोलावले आणि सांगितले की, सर्वांपेक्षा हिने अधिक टाकले आहे. कारण इतरांनी आपल्या भरभराटीतून टाकले, हिने आपल्या कमताईतून, जे काही तिच्यापाशी होते ते सर्व टाकले. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. त्याने त्या विधवेला हाक मारली नाही, तिला सर्वांसमोर उभे केले नाही, तिची साक्ष घेतली नाही. हाक मारली ती शिष्यांना. ज्यांना ती दिसत नव्हती, शिकवण्याची गरज त्यांना होती. ती आपल्या वाटेने निघून गेली, आणि तिच्याविषयी कोण काय म्हणाले, हे बहुधा तिला कधी कळलेही नसेल.

हे मी का सांगतो? हा उतारा आजवर अनेक व्यासपीठांवरून गरिबांवर चाबूक म्हणून वापरला गेला आहे, आणि तो तसा मीही वापरला आहे, याची कबुली आज देतो. “त्या विधवेने सर्वस्व दिले, मग तुम्ही का मागे राहता?” असे विचारले की आधीच ओढाताणीत असलेली माणसे खजील होतात, उसने आणून लिफाफा भरतात, आणि ज्यांना खरोखर देता येते ते निवांत बसून राहतात. पण वचनात पाहा. “तुम्हीही जाऊन असेच करा” असे येशू येथे कोठेही म्हणत नाही. उलट, याच्या लगेच आधी तो शास्त्र्यांविषयी बोलला आहे, की ते विधवांची घरे गिळून टाकतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. आणि याच्या लगेच पुढे, तेराव्या अध्यायाच्या आरंभी, शिष्य मंदिराचे थोर दगड दाखवतात, तेव्हा तो म्हणतो की, येथे दगडावर दगड राहणार नाही. इ. स. 70 मध्ये ते मंदिर पडले. म्हणजे विधवेची ही हकिकत दोन कठोर वचनांच्या मधोमध उभी आहे. ती वाचताना तिच्या भक्तीचे कौतुक करावे, ते योग्यच; पण जिच्या घरात दोनच टोल्या उरल्या, तिच्यापर्यंत मंदिराचे भांडार का पोहोचले नाही, हा प्रश्नही आपल्याला टाळता येणार नाही. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाता यावे म्हणून राखून ठेवण्याची आज्ञा आहे. नियमाप्रमाणे पाहिले, तर त्या दिवशी पैशांनी तिच्याकडे जायचे होते.

म्हणून आपल्या मंडळीतील ज्या बहिणी चार घरची धुणीभांडी करतात, जे भाऊ ऊसतोडीची उचल फेडत आहेत, त्यांना मी आज स्पष्ट सांगतो: औषधाचे पैसे, मुलांच्या फीचे पैसे थैलीत टाकू नका. आईबापांना द्यायचे ते “कुर्बान” म्हणून देवाच्या नावावर लावणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात कसे धारेवर धरले, ते आपण वाचलेले आहे. देव तुमच्या चुलीतला विस्तव मागत नाही.

आणि तरीही तुम्ही थोडे काही आणता, तेव्हा ते मान खाली घालून आणू नका. लेवीयाच्या पाचव्या अध्यायात ज्याला कोकरू परवडत नाही त्याला दोन पारवे, आणि तेही जमत नसेल तर थोडा सपीठ आणण्याची मुभा आहे; आणि त्या सपिठानेही क्षमा मिळते, अर्धी नव्हे, पूर्ण. बाळ येशूला मंदिरात नेले, तेव्हा मरीया आणि योसेफ यांनीही पक्ष्यांचाच यज्ञ केला. कोकरू त्यांच्या आवाक्यात नव्हते. आपला प्रभू गरिबांचे अर्पण देणाऱ्या घरात वाढला. मिझोरामच्या मंडळ्यांत 1910 पासून बायका रोजच्या शिजवायच्या तांदळातून मूठभर बाजूला काढून ठेवत आल्या आहेत, आणि त्या मुठींवर तेथे सुवार्तेचे मोठे काम उभे राहिले. पौलही करिंथकरांस लिहितो की, उत्सुकता असली म्हणजे जवळ असेल त्या मानाने दान मान्य होते. नसेल त्या मानाने नव्हे.

आता थोडे आपल्या देवळाविषयी. दरवर्षी वर्गणीची यादी आपण रकमेच्या उतरत्या क्रमाने वाचतो, आणि शेवटच्या नावांपर्यंत येईतो वाचणाऱ्याचा आवाजही उतरतो. याकोब म्हणतो, सोन्याची अंगठी घातलेल्याला “येथे बसा” आणि गरिबाला “तू तेथे उभा राहा” असे म्हणू नका. आपण तसे तोंडाने म्हणत नाही, यादीने म्हणतो. पंच कमिटीने गुरुवारी ठरवले आहे की, यापुढे यादीत फक्त नावे असतील, अक्षरानुक्रमाने, रक्कम न लिहिता. ज्यांनी धान्य दिले किंवा देऊळ झाडले, त्यांचीही नावे त्यातच येतील. काही जणांना हे आवडलेले नाही, हे मला माहीत आहे; त्यांच्याशी मी घरी येऊन बोलेन. तसेच खजिनदारांपाशी गरजूंसाठी वेगळी पेटी राहील, आणि तिच्यातून कोणाला काय दिले, हे दोन पंचांपलीकडे कोणाला कळणार नाही.

कोपऱ्यातली ती वाटी मी आज वेदीवर, बाकीच्या धान्याशेजारी ठेवली आहे. आता दानार्पणाचे गीत होईल. तरुण संघाची मुले बाकाबाकांतून थैली फिरवतील. थैलीचे तोंड या वेळी शिवून अरुंद केले आहे, हात आत जाईल एवढेच. ज्यांच्यापाशी आज काहीच नसेल, त्यांनीही हात घालावा, आणि थैली पुढे द्यावी.