विषय: विज्ञानाच्या दोन्ही भागांतील कोणत्या पाठांना उरलेल्या तीन आठवड्यांत आधी वेळ द्यावा, याबाबत

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

मी दहावी 'ब'मधील श्रावणी. बोर्डाची लेखी परीक्षा आता तीन आठवड्यांवर आली आहे. प्रात्यक्षिक परीक्षा पार पडली असल्यामुळे यापुढे विज्ञानाचा सगळा वेळ लेखी पेपरांनाच देता येईल. गणित आणि भाषांचा अभ्यास सांभाळून रोज संध्याकाळचे दोन तास विज्ञानासाठी निघतात. तेवढ्या वेळात दोन्ही भागांचे वीसही पाठ सारख्याच बारकाईने पुन्हा होणार नाहीत, म्हणून कोणते पाठ आधी घ्यावेत याविषयी आपले मार्गदर्शन हवे आहे. आपल्याला उत्तर देणे सोपे व्हावे यासाठी माझी सध्याची तयारी आणि मनात असलेला क्रम पुढे लिहीत आहे.

सराव परीक्षेत मला भाग 1 मध्ये 40 पैकी 24 आणि भाग 2 मध्ये 29 गुण मिळाले. दोन्ही उत्तरपत्रिका प्रश्नवार तपासून पाहिल्या, तेव्हा भाग 1 मधील बहुतेक गुण ठरावीक पाठांतच गेल्याचे दिसले. गुरुत्वाकर्षणावरील उदाहरणे बरोबर आली होती. भिंगांच्या पाठातील किरणाकृतीही वस्तूच्या सगळ्या स्थानांसाठी न बघता काढता येतात, आणि 1/v − 1/u = 1/f हे सूत्र वापरताना चिन्हसंकेत आता चुकत नाही. आवर्ती वर्गीकरण आणि अवकाश मोहिमा हे पाठ वाचून लक्षात राहतात, त्यामुळे त्यांना शेवटच्या आठवड्यातील एखादी उजळणी पुरेल असे वाटते.

खरी अडचण रसायनाच्या तीन पाठांची आहे. दिवाळीनंतर आईच्या आजारपणामुळे माझी शाळा बुडाली. धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे हे पाठ वर्गात नेमके त्याच काळात झाले. मैत्रिणीच्या वहीवरून मी ते उतरवून घेतले आहेत, परंतु आपण फळ्यावर समजावून सांगितलेला भाग वहीतून पूर्ण कळत नाही. धातुविज्ञान वाचताना माझ्या असे लक्षात आले की त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट रासायनिक अभिक्रिया व समीकरणे या पाठावर उभी आहे. क्रियाशीलता श्रेणीचा अर्थ विस्थापन अभिक्रियेवरून लागतो. ऑक्सिडीकरण, क्षपण आणि अपघटन पक्के असेल तर भाजणे, निस्तापन आणि थर्मिट अभिक्रिया यांची समीकरणे पाठ करावी लागत नाहीत, ती लिहिता लिहिता सुचतात. म्हणून पहिल्या आठवड्यात आधी समीकरणे संतुलित करण्याचा सराव आणि लगेच त्याला जोडून धातुविज्ञान, असे करण्याचा माझा विचार आहे. हा क्रम आपल्याला योग्य वाटतो का?

कार्बनी संयुगांच्या बाबतीत मात्र माझा निर्णय होत नाही, आणि या संदेशात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न तोच आहे. हा पाठ मोठा आहे. त्यात क्रियात्मक गट, समजातीय श्रेणी, संरचना समघटकता, आययूपीएसी नामकरण आणि त्यानंतर इथेनॉल व इथेनॉइक आम्लाच्या अभिक्रिया असे बरेच काही येते. तो नीट करायचा तर माझे चार-पाच दिवस एकट्या त्याला जातील. तेवढ्याच दिवसांत विद्युतधारेचे परिणाम आणि उष्णता हे दोन्ही पाठ पूर्ण होऊ शकतात, कारण त्यांचा पाया मला माहीत आहे. विद्युतधारेच्या पाठात मला फक्त मोटर आणि जनित्र यांच्या आकृत्या नावांसह काढण्याचा सराव हवा आहे, आणि मोटरमधील कडी दोन भागांत विभागलेली का असते व प्रत्यावर्ती धारेच्या जनित्रात त्याऐवजी दोन अखंड कड्या का असतात, हे स्वतःच्या शब्दांत लिहिता यायला हवे. उष्णतेमध्ये अप्रकट उष्मा आणि विशिष्ट उष्माधारकता यांवरील उदाहरणे जमतात, परंतु पाण्याचे असंगत आचरण आणि पुनर्हिमायन यांवरील 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नांची उत्तरे अर्धवट राहतात.

प्रश्नपत्रिकेचा आराखडा पाहिला तर तिसऱ्या प्रश्नात आठपैकी पाच उपप्रश्न प्रत्येकी तीन गुणांसाठी सोडवायचे असतात आणि चौथ्या प्रश्नात दोनपैकी एक पाच गुणांसाठी लिहायचा असतो. इतका पर्याय असल्यामुळे कार्बनी संयुगे बाजूला ठेवावीत, असे काही मैत्रिणी सुचवतात. मला ते पटत नाही, कारण पहिल्या प्रश्नातील दहा गुणांना पर्याय नसतो आणि तिथे कोणत्याही पाठावर विचारले जाऊ शकते. शिवाय मला अकरावीला विज्ञान शाखेतच जायचे आहे आणि हा विषय तिथे पुन्हा येणार आहे. त्यामुळे मी मधला मार्ग योजला आहे. विद्युतधारा आणि उष्णता आधी पूर्ण करायचे, आणि कार्बनी संयुगांपैकी नामकरण, क्रियात्मक गट आणि संरचनासूत्रे एवढाच भाग आत्ता पक्का करायचा. अभिक्रियांचा भाग वेळ उरला तरच घ्यायचा. असे केल्याने पाठाचा एखादा महत्त्वाचा भाग सुटेल का, आणि अभिक्रियांपैकी काही कोणत्याही परिस्थितीत यायलाच हव्यात अशा आहेत का, हे कृपया सांगावे.

भाग 2 विषयी थोडक्यातच विचारते. आनुवंशिकता व उत्क्रांती आणि जीवनप्रक्रियांचे दोन्ही पाठ यांना मी सर्वाधिक वेळ देणार आहे. प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण यांचा क्रम, तसेच पेशीविभाजनाच्या अवस्थांच्या आकृत्या अजून सहज लिहिता येत नाहीत. प्राण्यांच्या वर्गीकरणासाठी प्रत्येक संघाची लक्षणे आणि उदाहरणे यांचा तक्ता मी करून ठेवला आहे. सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन आणि पर्यावरणीय व्यवस्थापन हे पाठ दोनदा लक्षपूर्वक वाचले तर पुरेल, असे माझे मत आहे. हरित ऊर्जेच्या पाठातील विद्युतनिर्मिती केंद्रांच्या ओघतक्त्यांवर किती भर द्यावा, एवढे मात्र कळले नाही.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही न वाचता, दोन्ही भागांचे मागील वर्षांचे बोर्डाचे पेपर घड्याळ लावून दोन-दोन तासांत सोडवावेत असे ठरवले आहे. त्यांपैकी एखादी उत्तरपत्रिका आपण पाहिलीत, तर आकृत्या आणि कारणे यांत गुण नेमके कुठे जातात हे मला समजेल.

आपल्याला सविस्तर लिहायला वेळ नसेल, तर भाग 1 मधील समीकरणे, धातुविज्ञान, विद्युतधारा, उष्णता आणि कार्बनी संयुगे या पाच पाठांचा क्रम तेवढा कळवावा. मी उद्यापासून समीकरणांना सुरुवात करत आहे, त्यामुळे क्रमात बदल असल्यास तो लगेच करता येईल. धातुविज्ञान आणि नामकरण यांतील शंका मी एका कागदावर लिहून ठेवल्या आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आपण अर्धा तास देऊ शकलात, तर त्या घेऊन मी प्रयोगशाळेत येईन. ती वेळ सोयीची नसेल, तर आपण सांगाल तेव्हा येईन.

आपली विद्यार्थिनी,
श्रावणी
इयत्ता दहावी, तुकडी ब