न्यायालयीन तारखेसाठी किरकोळ रजेचा अर्ज

(बंद पाकिटातून, समक्ष)

कराड, दि. 10 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. मुख्याध्यापक

विषय : दि. 18 नोव्हेंबर 2025 रोजी एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत.

महोदय,

आमच्या वडिलोपार्जित घर-जमिनीच्या वाटपाचा दावा पाटणच्या दिवाणी न्यायालयात चालू आहे. मी त्यात वादी आहे. माझ्या सरतपासाचे प्रतिज्ञापत्र दाखल झाले असून मंगळवार, दि. 18 रोजी माझा उलटतपास नेमला आहे. मागच्या तारखेला समोरच्या वकिलांनी मुदत घेतली, त्यामुळे या वेळी मी स्वतः हजर राहणे भाग आहे. माझ्या गैरहजेरीत माझा पुरावा बंद करण्याची मागणी होऊ शकते, असे वकिलांनी बजावले आहे.

बोर्डावर आमचा नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. गेल्या खेपेला सकाळी अकरापासून व्हरांड्यात बसून दुपारी चारला पुढची तारीख घेऊन परतले. म्हणून अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवसाची रजा मागत आहे. माझ्या खात्यावर पाच किरकोळ रजा शिल्लक आहेत. उलटतपास अपुरा राहून दुसऱ्या दिवशी थांबावे लागले, तर त्याच संध्याकाळी आपल्याला फोन करीन.

दहावी 'ब'चा तिसरा तास भोईटे मॅडम घेणार आहेत, तसे त्यांच्याशी बोलले आहे (कारण 'घरचे काम' एवढेच सांगितले आहे). आठवीच्या दोन तासांसाठी सरावाचे प्रश्न काढून ठेवते. सहामाहीचे तपासलेले पेपर सोमवारी कार्यालयात जमा करीन.

आता एक विनंती. दाव्यातील प्रतिवादी माझे सख्खे चुलत भाऊ आहेत आणि त्यांच्या सासरकडचे एक जण आपल्याच शाळेत आहेत. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण स्टाफरूममधला शब्द संध्याकाळपर्यंत गावी पोहोचतो, हा अनुभव मी घेतला आहे. त्यामुळे मस्टरवर केवळ 'कि. र.' अशी नोंद व्हावी आणि बदली तासांचे वेळापत्रक ग्रुपवर टाकताना रजेचे कारण लिहू नये. हा अर्जही शक्य झाल्यास सर्वसाधारण फाइलला न लावता आपल्याकडेच ठेवावा.

दाव्याची कागदपत्रे मुद्दाम जोडलेली नाहीत. खात्री करायची असल्यास पुढच्या तारखेची नोंद मोबाइलवर समक्ष दाखवीन, आणि न्यायालयातून हजेरीचा दाखला घेऊन बुधवारी आपल्या हाती देईन.

रजा मंजूर करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
सु. र. शिंदे
सहायक शिक्षिका (गणित)