मयेहून आलेला चवथीचा फोटो

मीना वहिनी, सकाळी ११:२०

(फोटो)

स्वाती बाय, चवथीच्या खूप खूप शुभेच्छा गो. हा आमच्या मूळ घरचा गणपती, मयेचा. सगळे दीर जावा पोरं जमलीत, पंचवीस तरी माणसं आहेत घरात, पाय ठेवायला जागा नाय. पूजा आत्ताच झाली म्हणून लगेच फोटो काढून पाठवते. कोल्हापूरला आईबाबांनापण आमच्या शुभेच्छा सांग हां.

स्वाती, रात्री ९:४५

वहिनी नमस्कार, तुम्हाला, भाऊंना, आजींना आणि मूळ घरी जमलेल्या सगळ्यांनाच चवथीच्या मनापासून शुभेच्छा. तुमचा फोटो सकाळीच बघितला पण तेव्हा ड्यूटीवर होते, आणि नुसता हात जोडलेला स्टिकर टाकून मोकळं व्हावंसं वाटलं नाही, इतकं मनापासून तुम्ही मांडलेलं दिसतंय त्यात. म्हणून आत्ता घरी आले, हातपाय धुतले, दिवा लावला आणि मग नीट बसून फोटो मोठा करून करून बघितला.

मूर्ती किती शांत आहे हो. डोळे विशेष आवडले, कुणी रेखलेत माहीत नाही पण आपण बोलतोय ते ऐकतोय असं वाटतं. रंगपण भडक नाहीत. मागचं हिरवं लुगडं आणि पुढची समई यांच्यामध्ये मूर्ती बसलेली इतकी छान दिसते की आणखी काही लावायची गरजच वाटत नाही. आमच्याकडे कोल्हापूरला कुंभार गल्लीतून मूर्ती आणायची, आणि मग दोन दिवस भाऊ आणि बाबा लाइटच्या माळांशी झटापट करत बसायचे, तेपण मला आवडतंच, त्यात आमचं सगळं घर असायचं. पण तुमच्याकडे वरती छताला जे बांधलंय ना वहिनी, ते मी अर्धा तास बघत होते. माटोळीच ना ती? गेल्या वर्षी मापशाच्या बाजारात चवथीच्या आधी रस्त्याच्या कडेला ही सगळी रानातली फळं मांडलेली बघितली होती, तेव्हा लोक एवढी कडू फळं कशाला विकत घेतायत हे कळत नव्हतं, आज ती वरती टांगलेली बघून कळलं. मला त्यातला नारळ ओळखू आला, सुपारीचा घोस, आंब्याचे टाळे, चिबूड आणि बहुतेक आंबाडे. डाव्या कोपऱ्यात ती लालकेशरी गोल फळं लोंबतायत ती कुठली? आणि समईच्या बरोब्बर वर वाळक्या शेंगांचा झुबका आहे, तो काय आहे? पहिल्यांदा मला वाटलं फोटोत डाग पडलाय.

अजून एक विचारू का, आणि सांगण्यासारखं नसेल तर सरळ सोडून द्या, मला काही वाटणार नाही. मूर्तीच्या डावीकडे पाटावर एक लाकडी पेटी उघडून ठेवलीय आणि तिच्यातपण फूल वाहिलेलं दिसतंय. आत कागदासारखं काहीतरी आहे पण फोटोत उजेड पडल्यामुळे नीट दिसत नाही. उजवीकडे दोन नारळ आहेत, त्यांनापण हळदकुंकू आहे, म्हणजे ते नुसते ठेवलेले नसणार. मी मनाने काही ठरवलेलं नाही, तुम्ही सांगाल तेच खरं.

असं मुद्दाम लिहिते याचं कारण आहे वहिनी. गेल्या वर्षी, गोव्यातली माझी पहिली चवथ, माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका ताईंनी असाच घरचा फोटो दाखवला. त्यात मूर्ती नव्हती, भिंतीला टेकवून गणपतीचं कागदी चित्र ठेवलेलं आणि पुढे पत्री. आणि मी काय म्हणाले असेन, "अरेरे, यंदा मूर्ती नाही आणली का, घरात कुणी गेलं का?" चार माणसांसमोर. त्या नुसत्या नाही म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये ठेवला. नंतर दुसऱ्या एकीने सांगितलं की त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या कागदाचाच गणपती पुजतात, तीच त्यांची पद्धत, त्यात कमी काही नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली, त्यांनी ती मोठ्या मनाने घेतलीही, पण सणाच्या दिवशी एवढ्या आनंदाने फोटो दाखवणाऱ्या माणसाला मी मेलेल्या माणसाबद्दल विचारलं हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आपल्या गावात एखादी गोष्ट ज्या कारणाने करतात तेच कारण मी दुसऱ्याच्या देवघराला लावलं. म्हणून आता फोटो आला की आधी बघते, मग विचारते.

त्यामुळे गणपती किती दिवसांचा हेपण मला माहीत नाही असंच धरा. दीड दिवसाचा असेल तर उद्याच विसर्जन, आणि मग मला यायला जमणार नाही, उद्या माझी सकाळची पाळी आहे. पाच किंवा सात दिवस असेल आणि तुम्हाला चालणार असेल तर परवा दर्शनाला यायची फार इच्छा आहे. पण मूळ घर सगळ्या भावांचं, मोठ्यांना विचारून सांगा, एवढ्या गर्दीत पाहुणा नको असेल तरी मी समजू शकते, मी इथे मापशाला खाली तुमच्या दारात रांगोळी काढतेच आहे रोज. आलेच तर काय आणायचं, काय नाही आणायचं, कुठपर्यंत आत यायचं, काही पाळायचं असेल तर आधीच सांगून ठेवा, तुमच्या घरची रीत मला तुमच्याकडूनच कळणार.

आणि हो, हा फोटो आईला पाठवू का? तिला माटोळी बघायचीय, मी फोनवर सांगितली तर तिला वाटलं आपल्या मांडवाला केळी बांधतात तसं काहीतरी असेल. स्टेटसला मी ठेवला नाही, कारण खाली कोपऱ्यात एका लहानग्याचा चेहरा आलाय (आणि त्याचा हात नेवऱ्यांच्या ताटात गेलाय, तो माझा सगळ्यात आवडता भाग आहे फोटोतला). त्याच्या आईला विचारल्याशिवाय तो कुठे जायला नको. तुम्ही नाही म्हणालात तर आईला घरी आल्यावर माझ्याच फोनवर दाखवेन.

आमच्याकडे गौरी आल्या की पहिल्या दिवशी भाजीभाकरीचा नैवेद्य असतो, शेपूची भाजी. तो दिवस आला की मला घर फार आठवतं. तुमचा फोटो आला आणि आज खोलीत एकटं असल्यासारखं वाटलं नाही, खरंच सांगते.

मीना वहिनी, रात्री १०:३०

अगो बाय केवढं लिहिलंस. मी मोठ्याने वाचून दाखवलं इथे सगळ्यांना, त्या ताईंचं तेवढं सोडून, ते तुझं तुझ्यापाशी. सासूबाई म्हणाल्या ह्या पोरीला सांग, परवा जेवायलाच ये, विचारायचं काय त्यात. गणपती आमचा पाच दिवसांचा. उद्या पंचम, नव्याची, शेतातली भाताची कोवळी कणसं आणून गणपतीपुढे ठेवतात, ते तुला बघायला मिळालं असतं पण ड्यूटी आहे म्हणतेस तर राहू दे, परवा ये.

आता तुझे प्रश्न. ती लालकेशरी ती कवंडाळां, खायची नसतात, नुसती शोभेला. शेंगा त्या घागऱ्यो, हलवल्या की आतल्या बिया वाजतात, पोरं सारखी वाजवतात म्हणून यंदा उंच बांधल्यात. बाकी कांगलां आहेत, निरफणस आहे, सगळं भावजीनी आणि पोरांनी दोन दिवस रानात फिरून आणलंय, थोडं बाजारातलं, कारण आता रानातपण सगळं मिळत नाय पूर्वीसारखं. दोन नारळ म्हणजे गौरी महादेव, काल तयेला पुजले, आमच्या घरात असेच पुजतात, शेजारच्यांकडे चित्र असतं.

पेटीचं विचारलंस ते बरं केलंस. फोटो बघून सकाळपासून तीन जणांनी पेटी जुने दागिने ठेवायची का असं म्हटलं. आत गणपतीचं कागदावरचं चित्र आहे. आम्ही मूळचे बार्देशचे. पोर्तुगीजांच्या राज्यात तिकडे देव उघड्यावर पुजता येत नव्हते, १५६० ला ते इन्क्विझिशन बसलं ते तुला माहीत असेल, तर घरात असं सांगतात की तेव्हाच्या बायका पत्रीवर पूजा करायच्या, कागदावर देव काढून पेटीत ठेवायच्या, कुणी आलं की झाकण बंद. मग कधीतरी पिढी इकडे डिचोली महालात आली. आत्ताचं चित्र काही तेवढं जुनं नाय गो, कागद जीर्ण झाला की नवीन काढतात, शेवटचं माझ्या सासऱ्यांनी काढलं. पण पेटी पहिली आणि मूर्ती नंतर, नैवेद्यपण आधी पेटीला. हे कुणी विचारत नाय म्हणून कुणी सांगत नाय.

आणि ते हिरवं लुगडं. सगळे म्हणतात सासूबाईंचं लग्नातलं असेल. तू काय म्हणाली नाहीस ते बरं, कारण ते मधल्या जावेनं गेल्याच वर्षी मापशात घेतलं. सासूबाईंचं लुगडं पेटीखाली घडी घालून ठेवलंय, फोटोत दिसत पण नाय.

फोटो आईला खुशाल पाठव. हात घातलेला तो माझ्या धाकट्या जावेचा विहान, तिला विचारलं, ती म्हणाली आईला पाठव पण स्टेटसला नको, तेवढं ऐक. त्या नेवऱ्या नैवेद्याच्या नव्हत्या, तळून वेगळ्या काढलेल्या, नायतर त्याला ओरडा पडला असता. काही पाळायचं म्हणशील तर एवढंच, पेटीला हात लावायचा नाय, बाकी तू घरातलीच.

स्वाती, रात्री १०:५२

वहिनी, पेटीचं वाचून अंगावर काटा आला. आजींना माझा नमस्कार सांगा, परवा येऊन पाया पडतेच. पेटीला हात नाही लावणार, लांबूनच नमस्कार करेन. फोटो फक्त आईला पाठवला आणि तिलापण सांगितलं की पुढे कुणाला पाठवू नकोस, तर ती म्हणाली, पेटी कुठे आहे दाखव, आणि आता ती तिकडे चष्मा लावून बघत बसलीय.

परवा घुमट वाजवून आरती असते का? ऑफिसात एकजण सांगत होते की गावात घरोघरी असते, पण तुमच्याकडे असते की नाही आणि किती वाजता ते सांगा, त्याप्रमाणे मापशाहून निघते. नारळ आणते, सोललेला की असोला?

मीना वहिनी, रात्री १०:५५

असते गो, साडेसातला, तासभर चालते. उजेड असतानाच ये, पावसात आमची वाट निसरडी होते, विहानचा बाबा स्टॉपवर घ्यायला येईल. असोलाच आण, माटोळीत एका बाजूला वजन कमी पडून ती तिरकी झालीय.