आग लागल्यास बाहेर कसे पडाल : चौथा मजला, खोली ४१२

आत्ताच एकदा दार उघडून डावीकडे बघा. जिन्याचं दार तुमच्या दारापासून चौथं आहे. धुरात पाटी दिसेनाशी होते, भिंतीला हात लावून दारंच मोजावी लागतात. म्हणून हा आकडा लक्षात असू द्या. तो जिना धुराने भरला असेल तर उजवीकडे टोकाला दुसरा आहे.

अलार्म वाजताच किल्ली घ्या, सामान राहू द्या, दार ओढून निघा. लिफ्ट नको. धूर असेल तर वाकून चला. बाहेर पडण्याआधी दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम लागलं तर उघडू नका. फटीत ओले टॉवेल कोंबा, ० फिरवून रिसेप्शनला कळवा आणि खिडकीत उभं राहून टॉवेल हलवा.

केशरी जॅकेट घातलेले फ्लोअर वॉर्डन प्रत्येक दार ठोठावतील. जिना उतरणं जड जात असेल तर आजच सांगा, तुमच्यासोबत माणूस नेमू.

मागच्या पार्किंगमध्ये ‘अ’ पाटीखाली जमा आणि वॉर्डनला खोली क्रमांक सांगा. न सांगता निघून गेलात, तर तुम्हाला शोधायला कोणीतरी पुन्हा धुरात शिरेल.

दर तीन महिन्यांनी सराव होतो. आदल्या दिवशी खोलीत चिठ्ठी येते. कृपया तेव्हा तुम्हीही खाली उतरा.