ओवीबाई, एक हात भरला!

ओवीबाई, टोपलीभर संत्र्यांएवढ्या शुभेच्छा!

आज तू पाच वर्षांची झालीस. म्हणजे एका हाताची सगळी बोटं संपली. पुढच्या वर्षी दुसरा हात काढावा लागेल, धुऊन तयार ठेव.

मागच्या रविवारी महाराजबागेत तू मोराला विचारलंस, "तुझा हॅपी बड्डे कधी असते रे?" तो काही बोलला नाही, पण केकचं नाव काढताच मान कशी वळवली! आणि पुडीतला शेवटचा मुरमुरा तू त्या रडणाऱ्या बाळाला दिलास, तेही पाहिलं मी. हे नक्की आईकडून आलं. कारण तुझा बाबा, शाळेपासून ओळखतो न मी त्याला, डब्यातली संत्रा बर्फी कुणाला दाखवतसुद्धा नव्हता! आता मात्र स्वतःचा तुकडा तुला देतो. तूच सुधारवलंस बुवा त्याला.

संध्याकाळी येतो. गिफ्ट काय ते सांगणार नाही. फक्त दोन मोठी चाकं, दोन पिल्लू चाकं अन् एक घंटी आहे. (अरे, सांगून टाकलं काय!)

आईला म्हण, काकासाठी थोडे तर्री पोहे ठेव.

तुझा मंगेशकाका