मेलोरी भाषेचा प्रश्न: आधी कोण, नंतर कोण (पूर्ण उत्तर)

नागपुरात धरमपेठच्या रविवारच्या भाषाविज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न दिला होता: खालच्या तक्त्यावरून शब्दांची मूळ रूपं, ध्वनी बदलणारे नियम आणि ते नियम कोणत्या क्रमानं लागतात ते शोधा. अकरा वह्या आल्या, त्यातल्या सहांमध्ये नियम लावून «घरामध्ये» याचं रूप तक्त्यातल्या मिचिदाऐवजी मिजिदा असं आलं. नियम सगळ्यांना सापडले होते, क्रम चुकला. म्हणून पूर्ण उत्तर लिहून देतोय. मेलोरी ही भाषा मी रचलेली आहे, नकाशावर शोधू नका. पाय मोडलेलं अक्षर व्यंजनान्त वाचा, आणि च म्हणजे «चिंच»मधला पहिला च.

| अर्थ | एकवचन | अनेकवचन | माझं | –मध्ये |
|---|---|---|---|---|
| होडी | नोप् | नोपि | नोपा | नोब्दा |
| झाड | सोक् | सोकि | सोका | सोग्दा |
| घर | मित् | मिचि | मिता | मिचिदा |
| विहीर | लुद् | लुजि | लुदा | लुजिदा |
| नदी | नारू | | | नारूदा |
| खिडकी | केमि | | | केमिदा |
| टोपली | नाति | | | नातेदा |

मूळ रूपं

नागपुरात आपण लिहितो डोळा आणि घरी म्हणतो डोया. डोक्यात ळ, तोंडात य. मूळ रूप आणि उच्चारलेलं रूप यांतला फरक एवढाच. प्रत्यय सरळ दिसतात: अनेकवचन –इ, माझं –आ, मध्ये –दा.

«घर» हे मूळ मित् की मिच्? एका मुलीनं मिच् धरलं आणि «शब्दाच्या शेवटी च चा त होतो» असा नियम लावला. कल्पना वाईट नव्हती. मित् आणि मिचि एवढंच पाहिलं तर ती टिकते. पण मग «माझं घर» मिचा व्हायला हवं, तिथे च शेवटी नाही. तक्त्यात मिता आहे. तेव्हा मूळ मित्, तसंच लुद्. च आणि ज फक्त इ च्या आधी येतात.

प्रत्यय इदा धरूनही गणित बसवता येतं, पण मग «फक्त याच प्रत्ययातला इ उडतो, तोही त, द अशा दोन दंत्यांमध्ये नाही» अशी चिठ्ठी चिकटवावी लागते. मला ते पटत नाही, मी –दा च धरतो.

टोपलीचं मूळ नाति नव्हे, नाते. «दा च्या आधी इ चा ए होतो» असं म्हणायला गेलात की केमिदा आडवं येतं, कारण तिथे इ तसाच आहे. केमि ही ओळ तेवढ्याचसाठी तक्त्यात घातली होती, आणि बहुतेकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

चार नियम

घोषीकरण: प, त, क यांच्यापुढे द सारखा घोष स्पर्श आला की तेही घोष, म्हणजे ब, द, ग होतात. नोप् + दा चं नोब्दा, सोक् + दा चं सोग्दा. वाक् + देवीची वाग्देवी होते तेच हे.

आगम: त किंवा द याच्यापुढे लगेच द आला की मध्ये इ घुसतो.

तालव्यीकरण: इ च्या आधी त चा च, द चा ज.

अन्त्य ए: शब्दाच्या शेवटचा ए हा इ होतो.

आगम आणि तालव्यीकरण

मित् + दा यात त च्या पुढे इ नाही, म्हणून तालव्यीकरणाला करायला काम नाही. ते आधी लावलं तर हात हलवत परत येतं, मग आगम इ आणतो आणि हाती येतं मितिदा. चूक. आगम आधी ठेवा:

```
मूळ           मित् + दा
आगम          मितिदा
तालव्यीकरण    मिचिदा
```

पहिल्या नियमानं दुसऱ्याला खाद्य पुरवलं. हे फीडिंग. मराठीत आपण वर्गात «पोषण» म्हणतो.

आगम आणि घोषीकरण

इथेच सहा वह्या घसरल्या. मित् + दा पाहिल्याबरोबर दोन्ही नियम लागू होतात: त च्या पुढे द आहे, घोषीकरण तयार, त–द शेजारी आहेत, आगमही तयार. घोषीकरणाला आधी सोडलं तर:

```
मूळ           मित् + दा
घोषीकरण      मिद्दा
आगम          मिदिदा
तालव्यीकरण    मिजिदा   (चूक)
```

आगम आधी आला की त आणि द यांच्यामध्ये इ बसतो, शेजार तुटतो, घोषीकरणाचा घास तोंडातून काढून घेतला जातो. हे ब्लीडिंग, आपलं «शोषण». लक्षात घ्या, नोप् आणि सोक् वर हा परिणाम नाही, कारण तिथे आगम होतच नाही. लुद् वरूनही क्रम कळत नाही: द आधीच घोष, कुठल्याही क्रमानं लुजिदाच येतं. पुरावा एकट्या मिचिदाचा आहे. परीक्षेत तोच शब्द दाखवा. «उदाहरणांवरून दिसते की» असं मोघम लिहिलं तर मी अर्धेच गुण देतो.

सगळे नियम एकदम लावले तर? एकानं विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. मूळ रूपावर आगम आणि घोषीकरण दोन्ही लागतील, तालव्यीकरण लागणार नाही, कारण मुळात त च्या पुढे इ नाही. मिदिदा. तेही चूक. तेव्हा क्रम लागतोच.

घोषीकरण आणि तालव्यीकरण यांचा आपसात संबंध येत नाही. त्यांचा क्रम काहीही ठेवा.

नाति, नाचि नव्हे

नाते चा नाति होतो, आणि आता त च्या पुढे चक्क इ आहे. तरी तालव्यीकरण होत नाही. म्हणजे ते आधीच येऊन गेलं. अन्त्य ए चा नियम त्याच्या मागून आला. उलटा क्रम असता तर पोषण झालं असतं, ते हुकलं. हे काउंटरफीडिंग. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 8.2.1 पासून पुढचे नियम हे आधीच्या नियमांना असिद्ध, म्हणजे घडलेच नाहीत असे, मानले जातात. तालव्यीकरणाच्या दृष्टीनं नातिमधला इ असाच «न घडलेला» आहे.

अंतिम क्रम: आगम, मग घोषीकरण आणि तालव्यीकरण, शेवटी अन्त्य ए.

नदीपलीकडची बोली

आता मिजिदा लिहिणाऱ्यांसाठी. समजा नदीपलीकडे याच मूळ रूपांपासून मिजिदा आणि नाचि म्हणतात. नियम तेच चार, क्रम वेगळा: घोषीकरण आगमाच्या आधी, अन्त्य ए तालव्यीकरणाच्या आधी. नाचि हे साधं पोषण. मिजिदा हे काउंटरब्लीडिंग: घोषीकरण होऊन गेलं आणि मग त्याचं कारणच इ घुसून मिटलं, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला तो ज अकारण वाटतो.

भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की यांनी 1968 मध्ये फीडिंग आणि ब्लीडिंग हे शब्द रूढ केले, तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं की काळाच्या ओघात क्रम अशा दिशेनं सरकतात की प्रत्येक नियमाला जास्तीत जास्त काम मिळावं. त्या हिशेबानं पलीकडची बोली एक पाऊल पुढे गेलेली दिसते. दोन्ही बदल त्याच दिशेचे आहेत. पुढे या मताला अपवादही बरेच दाखवले गेले, त्यामुळे कायदा म्हणून लिहू नका.

रविवारी येताना हे करून आणा: मूळ रूप वाते, अर्थ «शेत». दोन्ही बोलींत एकवचन आणि «शेतामध्ये», एकूण चार रूपं. पलीकडच्या बोलीत «शेतामध्ये» लिहिताना घाई करू नका.