खाजन पुस्तिकेचा तिसरा मसुदा: शुक्रवार, 21 ऑगस्ट, सायंकाळी 6 पर्यंत अभिप्राय हवेत

सुलभाताई, दामोदरभाई, मीनल, प्रशांत आणि पुस्तिका गटातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

सातवीच्या मुलांना चोडणच्या खाजन शेतात नेण्यापूर्वी त्यांच्या हाती द्यायच्या पुस्तिकेचा तिसरा मसुदा आज, गुरुवार 13 ऑगस्टला, सामायिक फोल्डरमध्ये ठेवला आहे. फाइलचे नाव Khajan_Pustika_Masuda3 असे आहे. मजकूर 16 पानांचा असून सावकाश वाचायला साधारण एक तास लागतो. आपण तो वाचून शुक्रवार, 21 ऑगस्ट रोजी सायंकाळी 6 वाजेपर्यंत आपले अभिप्राय फाइलमध्येच नोंदवावेत, ही विनंती. सहा वाजता मी फाइल केवळ वाचण्यापुरती खुली ठेवीन. शनिवार-रविवारी सुलभाताई आणि मी सर्व सूचनांचा निकाल लावू, सोमवारी मजकूर मुद्रितशोधकांकडे जाईल आणि बुधवारी, 26 तारखेला, छापखान्यात. चवथीच्या आधी छपाई उरकली नाही तर कामगार गावी गेल्यावर पुढचे पंधरा दिवस काही हलणार नाही, हे आपण जाणताच. म्हणून या वेळी मुदत वाढवता येणार नाही.

कोणत्या अभिप्रायाचा उपयोग होईल, हे थोडे विस्ताराने लिहितो, कारण मागच्या पुस्तिकेच्या वेळी 'छान झाले आहे' आणि 'भाषा जरा बोजड वाटते' अशा नोंदी पुष्कळ आल्या, पण बोजडपणा नेमका कोणत्या वाक्यात आहे ते शोधण्यात माझे दोन दिवस गेले.

सर्वांत जास्त गरज आहे ती पान 5 ते 8 वरील मजकूर तपासण्याची. मानशीचे काम, बांध, पोंय आणि पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन निघाल्यावर होणारी कोरगुटाची लावणी, हे सगळे तिथे आले आहे. या भागात कार्यकारणाचा क्रम चुकला तर मुलांना शेतात उभे राहूनही काही कळणार नाही. उपयोगी अभिप्राय कसा असतो, याचे उदाहरण माझ्याच चुकीवरून देतो. दुसऱ्या मसुद्यात मी 'भरतीच्या वेळी मानशीची दारे उघडतात' असे लिहिले होते. त्यावर दामोदरभाईंनी नोंद केली: 'पान 6, दुसरा परिच्छेद. उलटे झाले आहे. भरतीचे पाणी बाहेरून दाबते म्हणून दारे मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पाणी दारे ढकलून बाहेर पडते. दारांना कोणी हात लावावा लागत नाही, हेही लिहा.' जागा, चूक, कारण आणि दुरुस्ती हे सारे चार वाक्यांत आल्यामुळे मला फोनही करावा लागला नाही. दुरुस्ती सुचत नसेल तरी हरकत नाही. 'इथे मी अडखळले' एवढे त्या ओळीवर लिहिले तरी पुरे, कारण आपण जिथे अडखळता तिथे मूल थांबणारच.

दुसरी गोष्ट शब्दांची आहे. 'मानस' हा शब्द आपल्या कानांना सरावाचा असला तरी मराठीच्या पाठ्यपुस्तकावर वाढलेले मूल त्याचा अर्थ मन किंवा इच्छा असाच लावील. तो पहिल्यांदा येतो तिथे एका ओळीचे स्पष्टीकरण पुरेल, की शेजारी चित्र हवेच? मीनलने शिक्षिका म्हणून यावर निर्णायक मत द्यावे. मोरड, खेर आणि खाजन हे जमिनीचे तीन प्रकारही एकाच परिच्छेदात आले आहेत; ते मुलांच्या पचनी पडतील का, तेही पाहावे. 'खाजन' लिहावे की 'खाजण' हा प्रश्न मात्र आपण जूनमध्ये मिटवला आहे. गोव्यात बोलतात तसे 'खाजन'च राहील, त्यावर पुन्हा चर्चा नको.

पान 13 आणि 14 सर्वांनी, इतर काही वाचायला वेळ नसला तरी, वाचावे असा माझा आग्रह आहे. बांधांची डागडुजी पूर्वी गावकरी कशी करत, 1964 च्या कूळ कायद्यानंतर आणि 1976 च्या दुरुस्तीने कुळे मालक ठरल्यानंतर ती जबाबदारी कोणाकडे आली, आणि मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावामुळे खारे पाणी शेतात का घेतले जाते, हा भाग तिथे आहे. आपल्या गटातच कोणाचे घर भाटकाराचे तर कोणाचे कुळाचे आहे, त्यामुळे एखादा शब्द कुठे बोचेल ते मला एकट्याला ओळखता येत नाही. वाक्य एका बाजूला झुकले आहे असे वाटल्यास संकोच न करता लिहावे. फक्त 'हे पक्षपाती आहे' एवढ्यावर न थांबता, त्या जागी कोणते वाक्य दोन्ही घरांत वाचता येईल ते सुचवावे. सगळ्यांसमोर लिहिणे जड वाटत असेल तर मला वैयक्तिक संदेश पाठवला तरी चालेल, पण मुदत तीच.

शुद्धलेखन, विरामचिन्हे, टंकाचा आकार आणि मुखपृष्ठ यांवर सध्या वेळ घालवू नये. ऱ्हस्व-दीर्घ मुद्रितशोधक पाहतील, आणि छायाचित्रे प्रशांत अजून बदलणार आहे. नवा मजकूर घालण्याच्या सूचनाही आता नकोत. उलट पान 9 ते 11 वर खारफुटीविषयी मी वाहवत गेलो आहे, तिथे काय गाळता येईल ते सांगितलेत तर उपकार होतील.

नोंद करण्याची रीत अशी. संगणकावर उजवीकडे वर पेन्सिलीचे चिन्ह आहे, तिथे Suggesting निवडावे, म्हणजे मूळ वाक्य पुसले न जाता आपला बदल वेगळ्या रंगात दिसतो. मागच्या वेळी तिघांनी एकच परिच्छेद थेट बदलला होता आणि अखेरीस मूळ लेखकालाही तो ओळखू येईना. प्रश्न विचारायचा असेल तर शब्द निवडून Ctrl + Alt + M दाबावे आणि आपले म्हणणे लिहावे. दुसऱ्याच्या नोंदीशी मतभेद असल्यास तिच्याखालीच उत्तर लिहावे. नोंद बंद करण्याचे काम मात्र माझ्याकडे राहू द्यावे. दामोदरभाई, आपल्याला फाइलमध्ये लिहिणे त्रासाचे होत असेल तर मी मंगळवारी संध्याकाळी छापील प्रत घेऊन घरी येतो, आपण पेनाने खुणा कराव्यात, मी त्या उतरवून घेईन.

वाचून झाले आणि सांगण्यासारखे काही आढळले नाही, तर शेवटच्या पानावरील तक्त्यात आपल्या नावापुढे वाचलेली पाने तेवढी लिहावीत; नाहीतर कोणी वाचले आणि कोण राहिले ते मला कळत नाही. या आठवड्यात कोणाला जमणारच नसेल तर सोमवार, 17 तारखेपर्यंत कळवावे, म्हणजे ती पाने दुसऱ्या कोणाकडे देता येतील. बुधवारी संध्याकाळी मी एकदाच आठवण करीन.

आपला,
शेखर
(संपादन समन्वय, पुस्तिका गट)